नांदायला येईल का? प्रश्नकुंडलीतली दोन मिनिटं

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्योतिषापुढे येणारे लग्नाचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. पहिला स्थळाचा: पाहुणे बघून गेले, ‘कळवतो’ म्हणाले, होकार येईल का? दुसरा त्याहून जड: सून माहेरी जाऊन बसली आहे, किंवा जावई निघून गेला आहे, परत येईल का? अशा वेळी पुष्कळदा जन्मवेळ माहीत नसते किंवा माहेरचे पत्रिका देत नाहीत. मग ज्योतिषी घड्याळ बघतो आणि प्रश्न कानावर पडला त्या क्षणाची कुंडली मांडतो. हीच प्रश्नकुंडली.

हा मार्ग जुना आहे. वराहमिहिराचा मुलगा पृथुयशस याच्या ‘षट्पञ्चाशिके’त छप्पन्न श्लोक आहेत आणि गेलेला माणूस कधी परतेल हा त्यातला एक ठळक विषय आहे. पुढे अरबी-फारसी परंपरेतून आलेलं ताजिक आपल्याकडे रुजलं. १५८७ सालच्या ‘ताजिकनीलकंठी’तले इत्थशाल, ईसराफ, नक्त हे योग मराठी ज्योतिषी आजही बोलण्यात वापरतात. विसाव्या शतकात तमिळनाडूच्या कृष्णमूर्तींची पद्धत आली आणि महाराष्ट्रात चांगलीच फोफावली. तिच्यात प्रश्नकर्त्याकडून १ ते २४९ मधला एक आकडा घेतात आणि त्यावरून लग्न ठरवतात. मला इथे ताजिकाच्या अंगानेच जायचं आहे, कारण तिथे क्षण आणि गाव या दोन्हींना वजन आहे.

रीत अशी. लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. तिचा स्वामी म्हणजे विचारणारा. सातव्या स्थानाचा स्वामी म्हणजे जोडीदार, किंवा समोरचं स्थळ. या दोन ग्रहांतला वेगवान ग्रह कमी अंशांवर असून मंद ग्रहाकडे सरकत असेल आणि त्यांच्यात दृष्टी असेल, तर तो इत्थशाल: काम होईल. वेगवान ग्रह पुढे निघून गेला असेल तर ईसराफ: संधी होती, गेली. दोघांचा थेट संबंध नसेल, पण चंद्रासारखा वेगवान ग्रह एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल, तर नक्त: मध्यस्थाकरवी जमेल. गावात मामा किंवा पोलीसपाटील बोलणी करायला जातात, तो हा योग. परतण्याच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट पाहतात. सप्तमेश वक्री असेल, म्हणजे आकाशात मागे येताना दिसत असेल, तर माणूस मागे वळला आहे असं धरतात.

आता एक कुंडली मांडू. तारीख ११ जानेवारी २०२६, रविवार, संध्याकाळचे पाच, गाव बारामती. प्रश्न: बायको माहेरी गेली आहे, नांदायला येईल का? मिथुन लग्न आहे, साधारण अकरा अंश. लग्नेश बुध सातव्या स्थानी धनु राशीत, सुमारे २१ अंशांवर. सप्तमेश गुरू लग्नातच, मिथुनेत साडेपंचवीस अंशांच्या आसपास, आणि वक्री. जोडीदार विचारणाऱ्याच्या दारात, तोही मागे वळलेला; याहून बोलकी खूण ज्योतिषाला सहसा मिळत नाही. बुध गुरूच्या मागे पाच अंशांहून कमी आहे. बुधाचे दीप्तांश सात, गुरूचे नऊ, सरासरी आठ; म्हणजे इत्थशाल लागू. बुध रोज दीड अंशाहून जास्त पुढे जातो आणि गुरू थोडा मागे येतो, म्हणून योग तीनेक दिवसांत पूर्ण होतो, ऐन संक्रांतीला.

खोटही आहे. दोघे समोरासमोर आहेत आणि ताजिकात ही शत्रुदृष्टी, म्हणजे येणं भांडणातूनच. बुध सूर्यापासून सहाच अंशांवर, म्हणून अस्तंगत: विचारणारा स्वतःच खचलेला. षष्ठेश मंगळही सातव्यात बसला आहे, म्हणजे कोर्टकज्जाची छाया. सगळं जमेस धरून ज्योतिषी सांगेल, ‘येईल, पण सहजासहजी नाही.’

त्याच संध्याकाळी हाच प्रश्न सहा वाजून बावीस मिनिटांनी विचारला असता तर? बारामतीत मिथुन लग्न तेव्हा जेमतेम संपायचं आहे. इंदापूर पूर्वेला अर्धा अंशही नाही, पण रेखांशाच्या तेवढ्या फरकाने तिथे लग्न दोनेक मिनिटं आधी बदलतं. म्हणून इंदापुरात त्या क्षणी कर्क लग्न लागलेलं असतं. आता विचारणारा म्हणजे चंद्र, तुळेत. जोडीदार म्हणजे शनी, मीनेत. दोघांत षडाष्टक, आणि ताजिकात या नात्याला दृष्टीच नाही. उत्तर: नाही येणार. बाई तीच, नवरा तोच, क्षणही तोच. इंदापूरच्या माणसाने बारामतीच्या ज्योतिषाला फोन केला तर गाव कुणाचं धरायचं? पुष्कळजण ज्योतिषाचं गाव धरतात, काही प्रश्नकर्त्याचं. जाणते लोक म्हणतात की लग्न राशीच्या अगदी आरंभी किंवा शेवटी असेल तर प्रश्न पाहूच नये. नियम चांगला आहे, पण समोर रडणारी आई बसली असताना तो पाळणारे थोडे.

मला त्याहून मोठी अडचण वेगळी दिसते. गुरू ५ डिसेंबर २०२५ला वक्री चालीने मिथुनेत परतला आणि ११ मार्च २०२६पर्यंत वक्री होता. या तीन महिन्यांत रोज दोनेक तास मिथुन लग्न उगवत होतं. त्या तासांत पुणे जिल्ह्यात ज्याने कुणी जोडीदाराबद्दल विचारलं, त्या प्रत्येकाला ‘सप्तमेश लग्नात, वक्री’ हीच खूण मिळाली असती. त्यातल्या कुणाची बायको मारहाणीला कंटाळून गेली, कुणाची बाळंतपणाला गेली आणि रुसून राहिली, हे कुंडलीत येत नाही.

मुदतीचंही तसंच. योग पुरा व्हायला तीन अंश उरले, तर ते तीन दिवस, तीन आठवडे की तीन महिने? चर, स्थिर, द्विस्वभाव राशींवरून ठरवतात, पण ग्रंथांत एकमत नाही. उत्तर मागाहून ताणता येतं, म्हणून ते चुकलं असं कधी ठरतच नाही. जन्मकुंडलीची निदान एक परीक्षा पुण्यात झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही कमी. प्रश्नकुंडलीची परीक्षा याहून सोपी आहे. प्रश्न, वेळ, गाव, उत्तर आणि मुदतीची तारीख त्याच दिवशी वहीत लिहायची, खाली सही घ्यायची, आणि मुदत संपली की निकाल त्याच ओळीत मांडायचा.

तोवर गेलेल्या बाईला विचारणं मात्र थांबता कामा नये. ‘संक्रांतीपर्यंत येईल’ ऐकून घरचे हातावर हात धरून बसतात, किंवा ‘नाही येणार’ ऐकून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९खाली नांदायला येण्याचा दावा ठोकतात. तिकडे ती पोटगीचा अर्ज करते आणि बोलण्याची वाट बंद होते. ती का गेली, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. त्यासाठी तिच्या माहेरी माणूस पाठवावा लागतो. तो आधी ऐकून घेणारा असावा, आणि तिने ‘नाही’ म्हटलं तर ते परत येऊन जसंच्या तसं सांगणारा असावा.