मांजराचं पोट, अँटिबायोटिक आणि ती छोटी पुडी

मांजर पाळणाऱ्या बायका माझ्याशी बोलायला लागल्या की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि हिचं पोट बिघडलं. दही घालू का?" आपल्या घरात लेकराला औषध सुरू झालं की दहीभात ठरलेलाच, तेव्हा मांजरालाही तोच न्याय! आता तर पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मांजरांसाठीच्या प्रोबायोटिकच्या पुड्या मिळतात. पुडी घ्यावी, की दही पुरे, की दोन्ही नको, हा प्रश्न तसा रास्त आहे.

आधी पोटात काय होतं ते बघू. मांजराच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. अन्न पचवायला ते मदत करतात आणि उपद्रवी जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिक जखमेतला जंतू मारायला जातं, पण आतड्यातले भले जिवाणूही त्याच्या तडाख्यात सापडतात. मग शी पातळ होते, एखादी उलटी होते, खाण्यावरची वासना उडते. प्रोबायोटिक म्हणजे बाहेरून दिलेले जिवंत, उपयोगी जिवाणू. ते आतड्यात कायमचं घर करत नाहीत, पाहुण्यासारखे येतात आणि देणं थांबवलं की निघून जातात. पण मुक्कामात थोडी मदत करून जातात, अशी त्यामागची कल्पना.

आमच्या गारखेड्यातल्या एका वहिनींच्या मनीचं उदाहरण सांगते. मनी तीन वर्षांची, साडेतीन किलोची. बोक्याशी भांडण झालं, गालावर चावा बसला आणि दोन दिवसांत तिथे पू धरला. डॉक्टरांनी गळू फोडून साफ केलं आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे औषध सात दिवस, सकाळ-संध्याकाळ लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी मनीची शी वरणासारखी पातळ. खाणं थोडं कमी, पण खेळत होती, पाणी पीत होती. वहिनींनी औषध मनाने बंद केलं नाही, हे फार बरं झालं, कारण अर्धवट सोडलेल्या औषधाने गळू पुन्हा धरू शकतं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी मांजरांसाठीची प्रोबायोटिक पुडी रोज एक सांगितली आणि वेळ नेमून दिली. आठ वाजता औषध, दहा वाजता पुडी. दोन्ही एकत्र दिलं तर पुडीतले जिवाणूही त्याच औषधाने मरायचे, म्हणून मधे दोन तास. वहिनी पुडी बिनमिठाच्या उकडलेल्या कोंबडीच्या चमचाभर चुऱ्यावर भुरभुरायच्या. गरम नव्हे, गार झालेल्या चुऱ्यावर, कारण उष्णतेने जिवाणू मरतात. सहाव्या दिवशी शी बांधून आली.

आता मला विचाराल तर हा पुडीचा गुण, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अशी पातळ शी पुष्कळदा आपोआपही थांबते. एका मनीवरून काही ठरत नाही, त्यासाठी पुष्कळ मांजरं लागतात आणि त्यातल्या निम्म्यांना खोटी पुडी द्यावी लागते.

असा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बेघर प्राण्यांच्या एका निवाऱ्यातल्या 217 मांजरांवर तो झाला आणि 2011 साली प्रसिद्ध झाला. एका खोलीतल्या मांजरांना एन्टेरोकॉकस फिशियम एसएफ 68 या जातीच्या जिवाणूची पुडी, दुसऱ्या खोलीतल्यांना दिसायला तशीच पण जिवाणू नसलेली. चार आठवड्यांनी खोल्यांची अदलाबदल. शी तपासणाऱ्यांना कुठे काय दिलंय हे माहीत नव्हतं. दोन किंवा जास्त दिवस जुलाब झालेली मांजरं खोटी पुडी खाणाऱ्यांत शंभरात 21 निघाली, खरी पुडी खाणाऱ्यांत शंभरात सात. नवी जागा, अनोळखी वास, शेजारच्या पिंजऱ्यातली मांजरं, कुत्र्यांचं भुंकणं... निवाऱ्यात आलेल्या मांजराच्या जिवाला ताणच ताण. त्यामुळे ताणाच्या दिवसांतल्या जुलाबांसाठी हा पुरावा मला सगळ्यांत भक्कम वाटतो. त्याच निवाऱ्यातल्या कुत्र्यांमध्ये मात्र फरक दिसला नाही, कारण मुळात जुलाबच फार थोड्यांना झाले.

अँटिबायोटिकबद्दलचा प्रयोग 2017चा आणि बराच लहान. 16 निरोगी मांजरांना मनीचंच औषध सात दिवस दिलं, आणि त्यातल्या काहींना दोन तासांनी एसएफ 68. पुडी मिळालेल्यांची शी कमी बिघडली. त्याच वर्षी क्लिंडामायसिन या दुसऱ्या औषधावर असाच प्रयोग झाला. त्यात जिवाणूंची मिश्र पुडी घेणाऱ्या मांजरांना उलट्या कमी झाल्या, पण जुलाब दोन्हीकडे झालेच. म्हणजे फायदा आहे, पण बेताचा. शिवाय एका जातीच्या जिवाणूचा गुण दुसऱ्या जातीला चिकटवता येत नाही.

दह्याचं उत्तर इथेच मिळतं. दह्यातले जिवाणू वेगळे, त्यांची संख्या रोज वेगळी, आणि मांजराच्या पोटावर त्यांचा असा कसून तपास झालेला नाही. साधं दही चमचाभर चाटलं तर निरोगी मांजराला सहसा काही होत नाही, पण ते औषध नव्हे. मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, त्यामुळे पोट बिघडलेलं असताना दूध तर नकोच. आणि कांदा-लसूण पडलेला मठ्ठा मुळीच नको, दोन्ही मांजराला विषारी आहेत.

ताणामुळे मांजर घाबरतं, लपून बसतं, त्यावर पुडीचा किती उपयोग? इथे पुरावा विरळ आहे. 2009मध्ये डोळ्यांचा जुना विषाणू असलेल्या 12 मांजरांवर एसएफ 68चा छोटा प्रयोग झाला. जागाबदलाचा ताण पडल्यावर पुडी घेणाऱ्यांतल्या काहींचे डोळे कमी वेळा आले. पण बाराच मांजरं! त्यामुळे घर बदलताना, दिवाळीच्या फटाक्यांत पुडी दिली तर पोटासाठी द्यावी. भीतीसाठी कपाटाखालची अंधारी जागा आणि तिचं स्वतःचं जुनं अंथरूण जास्त कामाचं.

पुडी घेताना पाकीट उलटून वाचा. जिवाणूचं नाव जातीच्या क्रमांकासकट हवं, संख्या हवी, शेवटची तारीख हवी. कॅनडातल्या संशोधकांनी 2011मध्ये प्राण्यांसाठीची 25 प्रोबायोटिक तपासली, तेव्हा लेबलही धड आणि आतला मालही लेबलाप्रमाणे अशी फक्त दोन निघाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो, तेव्हा उन्हात पडलेल्या खोक्यातली पुडी घेऊ नये, आणि घरी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गार, कोरड्या जागी ठेवावी.

काही वेळा मात्र पुडीची वाट बघायची नसते. शीमध्ये रक्त, वारंवार उलट्या, मलूल पडून राहणं, किंवा पिल्लाला जुलाब, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराने चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नाही तरी तसंच. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या यकृतात दोन-तीन दिवसांत चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेततं. आणि घरातल्या माणसांची जुलाबाची किंवा तापाची गोळी तिला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.