मंगळ, नकार आणि एका वडिलांचं पत्र

“सत्तावीस गुण जमत होते, पण मुलीला मंगळ निघाला. घरात मोठी माणसं आहेत, ती ऐकत नाहीत. माफ करा.” सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकाला मुलाकडून असा फोन आला. दोन बैठका झाल्या होत्या, मुलामुलीची पसंती झाली होती, देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फोनवर वाद घातला नाही. आठवड्याभराने मुलाच्या वडिलांना हाताने लिहिलेलं दोन पानी पत्र पाठवलं. त्यांच्या परवानगीने ते मी वाचलं. असा नकार ऐकलेल्या प्रत्येक घराला उपयोगी पडावं असं ते आहे.

पत्र समजण्यासाठी आधी मंगळाचा हिशेब नीट कळायला हवा. छत्तीस गुणांशी त्याचा संबंध नाही. गुणमेलन होतं ते दोघांच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रांवरून, मंगळ त्यात कुठेच येत नाही. त्यामुळे सत्तावीस गुण जमूनही मंगळ ‘निघू’ शकतो. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते ते लग्न, म्हणजे पत्रिकेतलं पहिलं स्थान. तिथून मोजत मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की आपल्याकडे मंगळाची पत्रिका म्हणतात. दक्षिणेत बरेच जण दुसरं स्थानही धरतात.

आता यात किती मुलं सापडतात ते बघा. मंगळ एका राशीत साधारण दीड महिना राहतो, पण लग्नरास सुमारे दर दोन तासांनी बदलते. दिवसभरात बारा लग्नं उगवतात आणि त्यातल्या पाचांवर जन्मलेल्या मुलांना मंगळ लागतो. म्हणजे कुठल्याही दिवशी, कुठल्याही गावात, साधारण दहा तासांत जन्मलेली सगळी बाळं मंगळाची. शंभरातली चाळीसेक. काही ज्योतिषी आणि संगणकावरच्या पत्रिका चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तसं मोजलं तर साध्या गणिताने शंभरातली ऐंशी पत्रिका मंगळाच्या ठरतात. इतक्या माणसांचे जोडीदार लवकर जात असते, तर ते कळायला पंचांग उघडावं लागलं नसतं.

परंपरेतल्या जाणत्यांनाही ही अडचण दिसली असणार, कारण त्यांनी अपवादांची मोठी यादी करून ठेवली आहे. पहिल्या स्थानी मेषेचा, चौथ्या स्थानी वृश्चिकेचा, सातव्या स्थानी मकरेचा, आठव्या स्थानी कर्केचा किंवा बाराव्या स्थानी धनूचा मंगळ असेल तर दोष मानू नये, असं त्या शास्त्रातच सांगितलं आहे. दोन्ही पत्रिकांत मंगळ असेल तर दोष राहत नाही. एकाच्या पत्रिकेत मंगळ आणि दुसऱ्याच्या पत्रिकेत त्याच स्थानांपैकी एखाद्यात शनी असेल तरीही नाही. शिवाय ज्या श्लोकाच्या आधारे मुलींना नाकारतात, त्यात मुलाचा मंगळही बायकोला तितकाच घातक म्हटला आहे. मुलाच्या मंगळामुळे मुलीकडच्यांनी नकार दिल्याचं किती वेळा ऐकतो आपण?

या मुलीचं लग्न सिंह. सिंहेपासून चौथी रास वृश्चिक आणि मंगळ तिथेच, स्वतःच्या घरात. म्हणजे ज्या पुस्तकावरून तिला दोष लावला, त्याच पुस्तकाने तो काढूनही टाकला होता. शिक्षकांनी पत्रात हेच लिहिलं:

“सप्रेम नमस्कार, वि. वि. आपला निरोप मिळाला. नकार देण्याचा आपला अधिकार मला पूर्ण मान्य आहे आणि हे पत्र विचार बदलण्यासाठी लिहिलेलं नाही. पण कारण म्हणून आपण जे सांगितलंत, ते तपासून पाहावं एवढीच विनंती आहे. कन्येचा मंगळ चतुर्थात वृश्चिकेचा आहे. आपल्या चिरंजीवांच्या पत्रिकेत सप्तमात शनी आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या गुरुजींना दाखवाव्यात.”

ग्रहांमुळे कुणाच्या संसाराचं बरंवाईट होतं असं मला वाटत नाही. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांनी ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं शेकडा शेहेचाळीसच्या आसपास बरोबर आली, नाणं उडवून येतील तितकीच. तरीही पत्रात ही चाचणी आणली नाही हे शिक्षकांनी चांगलं केलं. ज्या घरात आजीचा शब्द चालतो, तिथे विज्ञानाचा दाखला अपमान वाटतो आणि पत्र वाचणं तिथेच थांबतं. आजीच्याच पंचांगातला अपवाद दाखवला तर निदान पंचांग तरी उघडलं जातं.

त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली होती, ती जन्मवेळ. लग्न दर चार मिनिटांना सुमारे एक अंश सरकतं. मुलीचं लग्न सिंहेच्या सत्ताविसाव्या अंशावर होतं. ती पंधरा-वीस मिनिटं उशिरा जन्मली असती तर कन्या लग्न आलं असतं, मंगळ तिसऱ्या स्थानी गेला असता आणि विषयच निघाला नसता. प्रसूतिगृहातल्या भिंतीवरच्या घड्याळावर आणि घाईत वेळ लिहिणाऱ्या नर्सबाईंवर इतकं अवलंबून असतं. तरी त्यांनी वेळ बदलून नवी पत्रिका केली नाही. बरेच पालक करतात, आणि पुढे उघड झालं की मुलीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागतं.

‘पत्रिका जुळत नाही’ हे आपल्याकडे नकार देण्याचं सभ्य निमित्तही असतं. मुलीचा रंग, पगार, धाकट्या भावाची जबाबदारी, यातलं काही तोंडावर सांगता येत नाही, मग मंगळ कामाला येतो. ओळखायचं कसं? पत्रिका सुरुवातीलाच दिलेली असून मंगळ दोन बैठकांनंतर सापडला, गुरुजी कोण ते सांगत नाहीत, मुलाची पत्रिका द्यायला टाळाटाळ होते, तर कारण बहुधा दुसरं असतं. तिथे पत्र लिहून उपयोग नाही. इथे मुलाची पत्रिका हातात होती आणि आजींची भीती खरी होती, असं शिक्षकांना वाटलं.

कुंभविवाह करून देतो, शांत करून घेतो, असंही त्यांनी लिहिलं नाही. एकदा शांत कबूल केली की दोष कबूल केल्यासारखं होतं, आणि पुढे घरात काहीही वाईट घडलं की बोट सुनेकडे जातं. त्यांची खरी मागणी पत्राच्या शेवटी होती: “आपल्या घरी काय ठरवायचं ते आपण ठरवावं. मात्र कुणी विचारलं तर ‘मुलीला मंगळ होता’ असं कृपया सांगू नये. योग नव्हता म्हणावं. मध्यस्थांनाही तसंच सांगावं. तिला अजून स्थळं बघायची आहेत.”

वधूवरांच्या वर्तुळात ‘कडक मंगळ’ ही दोन शब्दांची चर्चा मुलीच्या शिक्षणापेक्षा लवकर पसरते, आणि पुढची चार घरं पत्रिका न बघताच नाही म्हणतात. त्याचा बंदोबस्त करणं हेच या पत्राचं काम होतं.

उत्तर तीन ओळींचं आलं. गुरुजींनी अपवाद मान्य केला, पण आजींचं मन तयार नाही. मध्यस्थ बाईंना मात्र मुलाच्या वडिलांनी स्वतः फोन करून ‘मुलीत काही दोष नाही’ असं सांगितलं. शिक्षकांनी मग मुलीच्या माहितीपत्रकात ‘मंगळ: होय’ हे खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘मंगळ चौथ्या स्थानी, वृश्चिक राशीत, स्वगृही. मुलाची पत्रिका सोबत पाठवावी.’