सामान्य क्षमता, स्थिर ओव्हरहेडचा दर आणि नफा

कारखान्याचे भाडे, घसारा, विमा, पर्यवेक्षकांचे पगार हे स्थिर ओव्हरहेड उत्पादन कमी-जास्त झाले तरी जवळपास तेवढेच राहतात. ते प्रत्येक नगावर बसवण्यासाठी वर्षाच्या एकूण रकमेला एखाद्या उत्पादन पातळीने भागावे लागते. ही पातळी कोणती घ्यायची, हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न आहे आणि नफ्याशी त्याचा संबंध नाही, असा समज बराच रूढ आहे. एका उदाहरणातून तो तपासता येतो.

पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचे वार्षिक स्थिर ओव्हरहेड ४८ लाख रुपये आहेत. दुरुस्ती आणि सुट्ट्या वजा जाता यंत्रे वर्षाला २४,००० पंप काढू शकतात. बाजाराची चढउतार धरून अनेक वर्षांची सरासरी २०,००० पडते. यंदा मागणी मंद असल्याने अंदाजपत्रक १६,००० पंपांचे आहे. या तीन पातळ्यांवर प्रति पंप दर अनुक्रमे २००, २४० आणि ३०० रुपये येतो. खर्च तोच, भाजक मात्र वेगळा.

यंदा खरोखरच १६,००० पंप तयार झाले, १४,००० विकले गेले आणि २,००० शिल्लक राहिले. सुरुवातीचा साठा नव्हता. विक्री किंमत ९०० रुपये आणि बदलता खर्च ५०० रुपये, म्हणजे विकलेल्या पंपांवर ५६ लाख सुटले. त्यातून ४८ लाख स्थिर खर्च वजा केला तर ८ लाख उरतात. पण शिल्लक पंपांच्या मूल्यात बसलेले स्थिर ओव्हरहेड यंदाच्या खर्चातून बाहेर पडून पुढच्या वर्षावर जाते. २०० च्या दराने हा भाग ४ लाख, २४० ने ४.८ लाख आणि ३०० ने ६ लाख होतो. त्यामुळे नफा अनुक्रमे १२ लाख, १२.८ लाख आणि १४ लाख दिसतो. विक्री, उत्पादन आणि रोख रक्कम यांत एका रुपयाचाही फरक नसताना नफ्यात २ लाखांचे अंतर पडते.

दर कमी ठेवला की खर्च लपतो, हा दुसरा गैरसमज. प्रत्यक्षात उलटे घडते. २४० च्या दराने १६,००० पंपांवर ३८.४ लाख बसतात आणि उरलेले ९.६ लाख त्याच वर्षी खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात. न वापरलेल्या क्षमतेची किंमत इथे स्वतंत्र आकडा म्हणून डोळ्यांसमोर येते. ३०० च्या दरात हा आकडाच उरत नाही. रिकाम्या यंत्रांचा भार चांगल्या पंपांच्या मूल्यात मिसळून जातो. खर्च लपतो तो असा.

पातळी निवडणे ही सर्वस्वी व्यवस्थापनाची मर्जी आहे, असेही मानले जाते. अंतर्गत हिशेबांपुरते ते चालेल. प्रसिद्ध होणाऱ्या हिशेबांसाठी मात्र साठ्याच्या मूल्यमापनाचे भारतीय लेखा मानक एएस २ आणि इंड एएस २ सामान्य क्षमता हाच आधार सांगतात. नेहमीच्या परिस्थितीत, अनेक कालावधींच्या किंवा हंगामांच्या सरासरीने जेवढे उत्पादन अपेक्षित असते, त्यातून नियोजित देखभालीत जाणारी क्षमता वगळून जे राहते ती सामान्य क्षमता. प्रत्यक्ष उत्पादन तिच्या जवळपास असेल तर तेही वापरता येते. मात्र उत्पादन घटले म्हणून प्रति नग स्थिर ओव्हरहेड वाढवता येत नाही. न बसलेला भाग त्याच वर्षी खर्ची पडतो. आपल्या कारखान्यात म्हणूनच २४० चा दर लागू होईल.

उत्पादन असाधारण वाढले तर नियम दुसऱ्या बाजूने लागू होतो. २४,००० पंप निघाले आणि दर २४० ठेवला, तर ५७.६ लाख बसतील, खर्च मात्र ४८ लाखच झालेला असेल. म्हणून दर २०० वर आणावा लागतो, नाहीतर साठा खर्चापेक्षा जास्त मूल्याने दिसेल.

फरक कायमचा असतो, हाही समज खरा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा १६,००० पंप बनून सगळा साठा धरून १८,००० विकले गेले, तर नफा अनुक्रमे २० लाख, १९.२ लाख आणि १८ लाख येईल. दोन वर्षांची बेरीज तिन्ही पद्धतींत ३२ लाखच. साठ्यात चढउतार नसेल तर कोणतीही एक पातळी कायम धरली तरी नफा तोच येतो.

एखाद्या कारखान्याने पातळी सोयीने बदलली आहे का, हे तपासताना दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात: गेल्या काही वर्षांचे प्रत्यक्ष उत्पादन आणि दरासाठी धरलेली पातळी. मंदीच्या वर्षी ही पातळी अचानक खाली आली, न वापरलेल्या क्षमतेचा खर्च नाहीसा झाला आणि त्याच वेळी साठाही वाढला असेल, तर त्या वर्षीचा नफा काही प्रमाणात गोदामात पडून आहे असे समजायला हरकत नाही.