फटका लागतो तो थांबलेल्या क्षणात

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा मारामारीचा खेळ 2001 साली निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आला आणि अजूनही त्याच्या स्पर्धा रंगतात. त्यात कॅप्टन फाल्कन नावाचा एक गडी आहे. उडी मारून तो हवेतल्या हवेत समोरच्याला गुडघा हाणतो. गुडघा नेमक्या क्षणी लागला तर विजेचा कडकडाट होतो आणि प्रतिस्पर्धी पार मैदानाबाहेर भिरकावला जातो. जरासा उशीर झाला तर तोच गुडघा चुकून धक्का लागल्यासारखा वाटतो. पाय तोच, हालचाल तीच. पहिल्या वेळी मात्र पाहणाऱ्यांच्या तोंडून आपसूक आवाज निघतो, दुसऱ्या वेळी कुणाची मानही हलत नाही.

यातला बराचसा फरक आवाजाचा आणि रोषणाईचा आहे, हे खरं. पण एक गोष्ट अशी आहे की ती बहुतेकांना दिसतच नाही, फक्त जाणवते. गुडघा लागला त्या क्षणी खेळ थांबलेला असतो.

हा खेळ सेकंदाला 60 चित्रं दाखवतो. एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि ती पडद्यावर टिकते सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंद. फटका लागला की मारणारा आणि मार खाणारा, दोघंही काही फ्रेम जागच्या जागी गोठतात आणि मग हालचाल पुढे सुरू होते. यालाच हिट स्टॉप म्हणतात. किती फ्रेम थांबायचं याचा ‘मेली’तला हिशेब सोपा आहे: फटक्याने जेवढं नुकसान होतं त्याला तीनने भागायचं आणि तीन मिळवायचे. नेमक्या लागलेल्या गुडघ्याचं नुकसान 18, म्हणजे सहा अधिक तीन, नऊ फ्रेम. फटका विजेचा असेल तर मार खाणाऱ्याचं थांबणं दीडपट होतं. नवाचे साडेतेरा होतात, अपूर्णांक सोडून दिला जातो आणि तो बिचारा 13 फ्रेम लटकून राहतो. सेकंदाच्या पाचव्या भागाहून किंचित जास्त. उशिरा लागलेल्या गुडघ्याचं नुकसान 6, तिथे वीजही नाही. त्याच्या वाट्याला येतात पाच फ्रेम. तेरा आणि पाच यांतलं अंतर मोजायला गेलं तर सेकंदाचा सातवा हिस्साही भरत नाही, पण ‘जबरदस्त बसला’ आणि ‘नुसता लागला’ यांतला फरक बराचसा तिथे राहतो.

थांबण्याने फटका जोरदार का वाटावा? खरं तर उलटं वाटायला हवं, कारण जोर म्हणजे वेग आणि इथे तर वेगच काढून घेतलाय. उत्तर हातात आहे. आपण दगडावर नारळ आपटतो तेव्हा आपटल्याचं कळतं ते मनगटाला बसणाऱ्या झिणझिणीवरून. हात जात होता तो एकदम अडला, हे शरीराला समजतं. गेमच्या कंट्रोलरमध्ये अडवणारं काहीच नाही. बटण हवेत तलवार फिरवतानाही तेवढंच दबतं आणि राक्षसाच्या मानेवर घाव घालतानाही तेवढंच. शिवाय संगणकाच्या दृष्टीने शत्रूचं शरीर हा पोकळ आकारच असतो. तलवार त्यातून आरपार जाते, मधे कुठे तिचा वेग कमी होत नाही. खेळ बनवणाऱ्याने काहीच केलं नाही तर शस्त्र शरीराला भिडल्याचं चित्र पडद्यावर जेमतेम एक फ्रेम टिकतं आणि नजर ते गाळूनच टाकते. आपल्याला दिसतं ते फक्त आधीचं उगारणं आणि नंतरचं कोसळणं. हिट स्टॉप त्या हरवलेल्या फ्रेमला नजरेत भरेपर्यंत धरून ठेवतो. शस्त्र अडलंय, म्हणजे त्याला अडवणारं काहीतरी घट्ट समोर आहे, असा निष्कर्ष मेंदू आपला आपण काढतो. हाताला न मिळालेला अटकाव डोळ्यांना वेळेच्या रूपाने मिळतो.

मात्र दोघंही नुसते पुतळ्यासारखे थांबले तर खेळ अडकल्याचा संशय येतो. म्हणून ‘स्मॅश’मध्ये मारणारा स्थिर राहतो आणि मार खाणारा त्याच जागी बारीक थरथरतो. या मालिकेचे जनक मासाहिरो साकुराई यांनी हिट स्टॉपवर लिहिलंय आणि आपल्या यूट्यूब चॅनेलवर तो उलगडूनही दाखवलाय. ही थरथर दोन कामं करते. खेळ बंद पडलेला नाही हे सांगते, आणि मार कुणी दिला, कुणी खाल्ला हे एका नजरेत दाखवते. कारखान्यात यंत्र लावावं तसं कुठलंही पात्र कुठल्याही दिशेने हलवून मात्र चालत नाही. जमिनीवर उभा असलेला माणूस वर-खाली थरथरला तर त्याचे पाय जमिनीत रुतल्यासारखे दिसतात.

हे थांबणं केवळ शोभेचं राहत नाही, ही मला यातली सर्वांत रंजक बाजू वाटते. एखादी गोष्ट दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाव ते पाचवा भाग लागतो. म्हणजे मोठ्या फटक्यानंतरची विश्रांती आणि आपली प्रतिक्रिया यांची लांबी जवळपास सारखी आहे. फटका लागला की हुकला हे बघून पुढचा डाव ठरवायला खेळाडूला जी फट मिळते, तिच्यात हिट स्टॉपचा मोठा वाटा असतो. मार खाणाराही रिकामा बसत नाही. ‘मेली’त गोठलेल्या अवस्थेत काडी पटापट हलवली तर पात्र थोडं थोडं सरकवता येतं. कसलेले खेळाडू त्या अवधीत पुढच्या फटक्याच्या टप्प्याबाहेर निसटतात.

मग प्रत्येक फटक्याला भरपूर थांबा द्यावा की! नवशिके असंच करतात आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, एका पात्राच्या हातात दोन सुऱ्या आहेत आणि ते सेकंदाला आठ वार करतं. प्रत्येक वाराला पाच फ्रेमचा थांबा दिला तर सेकंदातल्या 60 पैकी 40 फ्रेम खेळ गोठलेलाच राहणार. चपळाई दाखवायची होती आणि दिसतं मात्र जुन्या संगणकावर अडखळत चालणारं काहीतरी. अशा हत्याराला एक-दोन फ्रेम पुरतात, आणि लांब थांबा राखून ठेवायचा तो मालिकेतल्या शेवटच्या वारासाठी. एकाच तलवारीने चार शत्रू एकदम कापले गेले तर चौघांच्या थांब्यांची बेरीज करायची नाही, सगळ्यांत मोठा असेल तेवढाच घ्यायचा. ही चूक झाली असेल तर लगेच ओळखू येते: एकट्या शत्रूशी लढताना खेळ छान वाटतो आणि गर्दीत शिरलं की चिखलात चालल्यासारखा होतो.

युनिटी या लोकप्रिय प्रणालीत खेळ बनवणाऱ्यांना एक वेगळाच खड्डा भेटतो. खेळ थांबवण्याचा झटपट उपाय म्हणून ते `Time.timeScale` शून्यावर नेतात आणि ‘थोड्या वेळाने पूर्ववत कर’ असं `WaitForSeconds` वापरून सांगतात. पण हे घड्याळ खेळाच्या वेळेवर चालतं, आणि खेळाची वेळ तर आत्ताच बंद केलीय. पहिला फटका लागतो आणि खेळ कायमचा गोठतो. तिथे खऱ्या वेळेवर चालणारं `WaitForSecondsRealtime` लागतं.

स्क्रीन शेक ही याची भावकीतलीच युक्ती, पण स्वभावाने आगाऊ. हिट स्टॉप फटक्यातल्या दोघांपुरता राहू शकतो, स्क्रीन शेक मात्र सगळं दृश्यच हलवतो. त्याचा अर्थ होतो की धक्का इतका मोठा होता की पाहणाऱ्यापर्यंत पोचला. नेदरलँड्समधल्या व्ह्लाम्बीअर या छोट्या कंपनीचे यान विलेम नायमन यांनी 2013 साली यावर एक व्याख्यान दिलं. एका मिळमिळीत बंदुकीच्या खेळात एकेक बारीक बदल करत त्यांनी तो डोळ्यांदेखत जिवंत करून दाखवला, आणि पडदा हलवणं त्यांतलं एक होतं. ते व्याख्यान खूप गाजलं. त्यानंतर कित्येक हौशी खेळांमध्ये दार लावलं तरी पडदा हादरू लागला, हा त्याचा तोटा म्हणायचा.

पडदा किती हलवायचा याचं चांगलं गणित स्क्विरल आयझरलो यांनी 2016 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मांडलं. शून्य ते एक यांमध्ये ‘आघात’ नावाचा एक आकडा ठेवायचा. फटका बसला की तो वाढवायचा आणि नंतर सावकाश उतरू द्यायचा. कॅमेरा मात्र त्या आकड्याइतका न हलवता त्याच्या वर्गाइतका हलवायचा. जास्तीत जास्त हादरा 20 पिक्सेलचा धरला, तर 0.3 आघाताला दृश्य दोन पिक्सेलही हलत नाही आणि 0.9 ला 16 पिक्सेल हलतं. आघात तिप्पट, हादरा नऊपट. किरकोळ मार जवळजवळ अदृश्य राहतो, मोठा मार मोठा दिसतो आणि ओसरताना हादरा झटक्याने न तुटता विरत जातो. कॅमेरा दर फ्रेमला कुठल्याही ठिकाणी फेकण्याऐवजी, गुळगुळीत चढ-उतार असलेल्या आकड्यांच्या मालिकेवरून फिरवावा, असंही ते सुचवतात. त्यामुळे हादरा भिंगरीसारखा न वाटता वजनदार वाटतो, आणि दृश्य संथ केलं तर तोही त्याबरोबर संथ होतो.

दोन्ही युक्त्या एकत्र लावताना क्रम सांभाळावा लागतो. सगळाच खेळ गोठवला तर कॅमेऱ्याचा हादराही त्यात गोठतो आणि थांबा संपल्यावर उशिराने जागा होतो, जणू घाव आत्ता झाला आणि घर नंतर हाललं. म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ बहुधा वेगळं ठेवतात. जीवनरेषा आणि गुण दाखवणाऱ्या पट्ट्या हादऱ्यातून वगळणंही बरं, कारण त्या ऐन लढाईत वाचायच्या असतात. काही जणांना हलत्या दृश्याने मळमळतं. त्यांच्यासाठी स्क्रीन शेक कमी किंवा बंद करण्याची सोय आता अनेक खेळांत असते, ती नसेल तर मी त्याला आळसच म्हणेन. डोक्याला लावायच्या व्हीआर उपकरणांत तर कॅमेरा हलवण्याचं नावच काढू नये. तिथे दृश्य हलतं आणि कानातला तोल मात्र मान स्थिर असल्याचं सांगत राहतो.

हिट स्टॉपची मर्यादा वेगळी आहे. दोघांच्या झुंजीत दोघं थांबले तर कुणाचं बिघडत नाही. मैदानात आठ जण असतील तर कुणी ना कुणी सतत गोठलेला दिसतो आणि लढत तुटक वाटू लागते. 2018 च्या ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये म्हणूनच खेळाडूंची संख्या वाढेल तसा थांबा आखूड होत जातो. फटका तोच, पण गर्दीत त्याचं वजन कमी भरतं.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. सेकंदाला 60 फ्रेमचा एखाद्या लढतीचा व्हिडिओ संगणकावर यूट्यूबवर लावायचा, फटका लागण्याआधी थांबवायचा आणि `.` ही कळ एकेकदा दाबत जायचं. दर वेळी एक फ्रेम पुढे सरकते. `,` दाबली की मागे. चित्र पुढे जायचं थांबतं तिथून मोजायला सुरुवात करायची. हलका ठोसा आणि जोराची लाथ यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की त्या खेळाच्या कर्त्यांनी कुठल्या फटक्याला किती मान दिलाय, ते कागदावर येतं.