सेलवर ९९०० एमएएच लिहिलंय, पण ते ३८ ग्रॅममध्ये मावतं का?



विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत आठवीतल्या एका मुलाने टॉर्चसाठी दोन सेल आणले. बाजारातून घेतलेले, १८६५० या मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यांच्यावर ठळक अक्षरांत '९९०० एमएएच' छापलेलं होतं. शेजारच्या गटाकडे जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघालेला त्याच मापाचा सेल होता, त्यावर २६०० लिहिलेलं. "सर, माझा सेल चारपट भारी!" मुलगा खूश होता. मी दोन्ही सेल प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवले. लॅपटॉपचा ४५ ग्रॅम भरला, नवा ३८ ग्रॅम.

एवढ्यावरच, एकही वायर न जोडता, सांगता येतं की ९९०० हा आकडा खोटा आहे. कसं ते आज पाहू. त्यासाठी दहावीपर्यंतचं रसायनशास्त्र आणि एक भागाकार पुरतो.

एमएएच म्हणजे नेमकं काय मोजलं जातं?

एमएएच म्हणजे मिलिअॅम्पिअर-तास. एक मिलिअॅम्पिअर धारा एक तास वाहिली तर जेवढा विद्युतप्रभार तारेतून जातो, तेवढा एक एमएएच. अॅम्पिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम. म्हणून ०.००१ अॅम्पिअर गुणिले ३६०० सेकंद, बरोबर ३.६ कूलोम. हा ३.६ लक्षात ठेवा.

म्हणजे एमएएच ही प्रभाराची मोजणी आहे आणि तारेतला प्रभार इलेक्ट्रॉन वाहून नेतात. सोप्या शब्दांत, सेलवरचा आकडा सांगतो की हा सेल एका चार्जिंगमध्ये किती इलेक्ट्रॉन बाहेर पाठवेल. हे इलेक्ट्रॉन हवेतून येत नाहीत. सेलमधल्या पदार्थाचा अणू किंवा रेणू अभिक्रियेत ठरावीक संख्येनेच इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो. आणि अणूला वस्तुमान असतं. प्रभाराचा आणि वजनाचा संबंध जोडला जातो तो इथेच.

एका मोलचा हिशेब

एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार ९६४८५ कूलोम असतो. यालाच फॅरडेचा स्थिरांक म्हणतात. त्याला ३.६ ने भागलं की एमएएच मिळतात:

९६४८५ ÷ ३.६ = २६८०१ एमएएच

म्हणजे कुठल्याही पदार्थाच्या एका मोलने एक मोल इलेक्ट्रॉन दिले, तर २६८०१ एमएएच मिळतात. पदार्थ कोणता, याने हा आकडा बदलत नाही. बदलतं ते त्या एका मोलचं वजन. म्हणून दर ग्रॅमला किती एमएएच, म्हणजेच पदार्थाची विशिष्ट क्षमता, अशी काढायची:

विशिष्ट क्षमता = n × २६८०१ ÷ M

इथे n म्हणजे एका सूत्र-एककामागे देवाणघेवाण होणारे इलेक्ट्रॉन आणि M म्हणजे एका मोलचं वस्तुमान ग्रॅममध्ये.

मुलांना मी हे हमालांच्या उदाहरणाने सांगतो. प्रत्येक हमाल ठरावीक पोती उचलतो, पण हमालाचं स्वतःचं वजन वेगवेगळं. जस्ताचा अणू दोन पोती उचलतो (n = २), पण त्याचं वजन ६५.३८. म्हणून २ × २६८०१ ÷ ६५.३८, म्हणजे सुमारे ८२० एमएएच दर ग्रॅमला. लिथियम एकच पोतं उचलतो, पण तो इतका हलका (६.९४) की दर ग्रॅमला सुमारे ३८६० एमएएच मिळतात.

मग लिथियम-आयन सेलमध्ये ३८६० का मिळत नाहीत?

कारण त्या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात ठेवलेला नसतो. तो दोन घरांमध्ये ये-जा करतो, आणि वजन घराचंही धरावं लागतं.

ऋण बाजूचं घर म्हणजे ग्राफाइट. पूर्ण चार्ज झाल्यावर ग्राफाइटच्या थरांमध्ये सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसतो (LiC₆). सहा कार्बनचं वस्तुमान ७२.०७. म्हणून २६८०१ ÷ ७२.०७ = ३७२ एमएएच दर ग्रॅमला.

धन बाजूचं घर म्हणून लिथियम कोबाल्ट ऑक्साइड घेऊ, म्हणजे LiCoO₂. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने हा पदार्थ पुढे आणला आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत तोच होता. त्याचं वस्तुमान: लिथियम ६.९४, कोबाल्ट ५८.९३, दोन ऑक्सिजन ३२.००, एकूण ९७.८७. म्हणून २६८०१ ÷ ९७.८७ = २७४ एमएएच दर ग्रॅमला.

आता दोन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली चूक n मध्ये. सूत्रात एक लिथियम दिसतो म्हणून आपण n = १ घेतो. पण LiCoO₂ मधून सगळा लिथियम काढता येत नाही. निम्म्याच्या पुढे काढत गेलं की थरांची रचना बिघडू लागते आणि पुढच्या चार्जिंगला तेवढा लिथियम परत बसत नाही. म्हणून नेहमीच्या वापरात साधारण निम्माच लिथियम हलवतात. मग n = ०.५ आणि क्षमता २७४ ची निम्मी, १३७. म्हणजे २७४ ही कागदावरची कमाल मर्यादा, आणि १३७ हा रोजच्या वापरातला आकडा.

दुसरी चूक M मध्ये. वजन कशाचं धरायचं, लिथियमसकट की त्याच्याशिवाय? ग्राफाइटसाठी LiC₆ चं वजन (७९.०१) घेतलं तर ३७२ ऐवजी ३३९ येतात. गणित दोन्ही बरोबर, पण आधार वेगळा. नियम सोपा आहे: सेल बनवताना जो पदार्थ तराजूत टाकला, त्याचं वजन धरायचं. ग्राफाइट रिकामा टाकतात, म्हणून नुसत्या कार्बनचं वजन. कोबाल्ट ऑक्साइड लिथियमसकट टाकतात, म्हणून तो लिथियमसकट. मुलांनी दोन पुस्तकांतून दोन आकडे आणले तर आधी हे तपासा.

आता सेलकडे परत

सेलमधून एक इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेत गेला, तर तो ऋण बाजूने सोडलेला असतो आणि धन बाजूने घेतलेला असतो. तोच इलेक्ट्रॉन! त्यामुळे दोन्ही बाजूंची क्षमता एकमेकींत मिळवायची नाही. प्रत्येक बाजूत पूर्ण आकड्याइतका पदार्थ हवा, म्हणजे वजनं मात्र मिळवावी लागतात.

आधी लॅपटॉपचा २६०० एमएएचचा सेल घेऊ, त्यात LiCoO₂ आहे असं धरून.

धन बाजू: २६०० ÷ १३७ = १९ ग्रॅम
ऋण बाजू: २६०० ÷ ३७२ = ७ ग्रॅम

एकूण २६ ग्रॅम. सेल ४५ ग्रॅमचा. उरलेल्या १९ ग्रॅममध्ये स्टीलचा डबा, तांब्याची आणि अॅल्युमिनियमची पातळ पत्री, दोन्ही बाजूंमधला पडदा आणि विद्युत अपघटनी द्रव. हिशेब नीट बसतो.

हाच हिशेब ९९०० ला लावू.

धन बाजू: ९९०० ÷ १३७ = ७२ ग्रॅम
ऋण बाजू: ९९०० ÷ ३७२ = २७ ग्रॅम

एकूण ९९ ग्रॅम, आणि अख्खा सेल ३८ ग्रॅमचा!

कोणी म्हणेल, त्यात नवीन तंत्रज्ञान असेल. असं समजू की सगळाच्या सगळा लिथियम बाहेर काढण्याची किमया कोणी साधली. तरी ९९०० ÷ २७४ म्हणजे ३६ ग्रॅम धन बाजूलाच लागतात. ऋण बाजूचं वजन शून्य धरलं, तरी डबा, पत्री आणि द्रव यांच्यासाठी दोन ग्रॅम उरतात. नुसता स्टीलचा डबाच त्याहून जड असतो. कोबाल्टच्या जागी निकेल घातलं तरी सुटका नाही. निकेलचं अणुवस्तुमान (५८.६९) जवळजवळ कोबाल्टएवढंच, म्हणून कागदावरची मर्यादाही तीच. फरक इतकाच की निकेलच्या पदार्थांतून जास्त लिथियम काढता येतो, साधारण २०० एमएएच दर ग्रॅमपर्यंत. म्हणून या मापाचे चांगले सेल ३५०० च्या आसपास पोचतात.

खात्री म्हणून आम्ही क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर तो सेल पूर्ण भरून अर्ध्या अॅम्पिअरने रिकामा केला. ९९०० खरे असते तर जवळजवळ २० तास लागले असते. सेल २ तास २० मिनिटांत संपला, म्हणजे सुमारे ११७० एमएएच. (सेल फोडून मात्र कधीही पाहू नका. आतला द्रव ज्वलनशील असतो.)

या गणिताची मर्यादा

हा हिशेब कमाल मर्यादा सांगतो, हमी देत नाही. वजन पुरेसं असलं म्हणजे सेल खरा, असं नाही. जड पण निकृष्ट सेलही असतो. शिवाय एमएएच ही प्रभाराची मोजणी आहे, ऊर्जेची नव्हे. ऊर्जेसाठी व्होल्टेजने गुणावं लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेट (LiFePO₄) घ्या. त्याचं वस्तुमान १५७.७६, n = १, क्षमता १७० एमएएच दर ग्रॅम. व्यवहारातल्या १३७ पेक्षा ती जास्त दिसते. पण त्याचा सेल साधारण ३.२ व्होल्ट देतो आणि कोबाल्टचा ३.७. म्हणून नुसत्या एमएएचवरून दोघांची तुलना करू नका.

वर्गात हे करून बघायचं असेल तर जुन्या मोबाइलच्या सुट्ट्या बॅटरीवरचा एमएएचचा आकडा फळ्यावर लिहा आणि मुलांना दोन्ही बाजूंचे ग्रॅम काढायला सांगा. दोन्ही मिळून साधारण दर १०० एमएएचला एक ग्रॅम, असं उत्तर येईल. मग बॅटरी तराजूवर ठेवा. तिचं वजन त्या उत्तरापेक्षा जास्त भरलं पाहिजे. कमी भरलं, तर छापलेला आकडा का पटत नाही, हे मुलंच तुम्हाला सांगतील.