ट्रान्सफॉर्मर लहान का करता येत नाही?

इमारतीची वीज : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण मुख्य पॅनेलपर्यंत आलो होतो. आज एक पाऊल मागे, ट्रान्सफॉर्मरपाशी. काम सुरू झाले की कंत्राटदाराकडून ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’च्या नावाने बचतीचे प्रस्ताव येऊ लागतात आणि त्यांत ट्रान्सफॉर्मरची क्षमता कमी करण्याचा प्रस्ताव हमखास असतो. तो नाकारायचा असेल तर सल्लागाराने मालकाला कसे पत्र लिहावे, हे एका नमुना पत्रातून पाहू. पत्रातले आकडे उदाहरणासाठी घेतले असले तरी मध्यम आकाराच्या रुग्णालयात सहज भेटणारे आहेत.

व्हॅल्यू इंजिनिअरिंगची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स यांनी घडवली. वस्तूचे काम तेच ठेवून तिचा खर्च कमी करणे हा तिचा गाभा. त्यामुळे प्रस्ताव आला की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ही वस्तू इथे नेमके कोणते काम करते, हा असतो.

आपले रुग्णालय विदर्भातले आहे. आराखड्यात ११ केव्हीचा दाब ४३३ व्होल्टवर आणणारे, १००० केव्हीएचे दोन तेलाचे ट्रान्सफॉर्मर आहेत. उन्हाळ्यातली कमाल मागणी ८५० केव्हीए. कंत्राटदाराचे म्हणणे असे : दोन्ही मिळून क्षमता २००० आणि मागणी ८५०, म्हणजे निम्म्याहून जास्त क्षमता पडून राहणार. त्याऐवजी ६३० केव्हीएचे दोन घ्या. एकूण १२६० होतात, मागणी आरामात भागते आणि ९ लाख रुपये वाचतात. वाचणाऱ्याला हे पटकन पटते. म्हणून उत्तरही तितकेच सरळ हवे.

पत्र असे :

मा. विश्वस्त महोदय,
सप्रेम नमस्कार.

ट्रान्सफॉर्मरची क्षमता १००० वरून ६३० केव्हीएवर आणण्याचा कंत्राटदारांचा प्रस्ताव आम्ही तपासला. तो मान्य करू नये, अशी आमची शिफारस आहे. कारणे पुढे देत आहोत.

१. प्रस्तावात दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेची बेरीज केली आहे. आपल्या रुग्णालयात दुसरा ट्रान्सफॉर्मर बेरजेसाठी घेतलेला नाही. एक बंद पडला तर उरलेल्या एकट्याने संपूर्ण रुग्णालय चालवावे, हे त्याचे काम आहे. प्रकल्पाच्या सुरुवातीला आपण ही अट लेखी मान्य केली आहे. म्हणून तुलना ८५० आणि १२६० यांची नसून ८५० आणि ६३० यांची आहे. एक बंद असताना १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर ८५ टक्के भार येईल, ६३० च्या ट्रान्सफॉर्मरवर १३५ टक्के.

२. ‘ट्रान्सफॉर्मर थोडा जादा भार सहज पेलतो’, असे प्रस्तावात म्हटले आहे. ते अर्धे खरे आहे. तेल तापायला वेळ लागतो, त्यामुळे तासाभराचा जादा भार फारसा बाधत नाही. पण बिघडलेला ट्रान्सफॉर्मर कारखान्यात नेऊन, गुंडाळी बदलून परत येईपर्यंत आठवडे जातात. तेवढा काळ उरलेल्या ट्रान्सफॉर्मरला रोज दिवसभर हा भार ओढावा लागेल. प्रवाह १.३५ पट झाला की गुंडाळीतली उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.८ पट होते.

बाहेर ४० अंश तापमान धरून, भार स्थिर राहिल्यास गुंडाळीतल्या सर्वांत तप्त जागेचे तापमान आमच्या हिशेबाने असे येते : १००० केव्हीएचा एकटा ट्रान्सफॉर्मर ८५० भारावर सुमारे ९० अंश, ६३० चा एकटा त्याच भारावर सुमारे १३८ अंश. गुंडाळीवरच्या साध्या इन्सुलेशन कागदासाठी ९८ अंश ही सर्वसाधारण झिजेची पातळी मानतात आणि त्यावर दर ६ अंशांना झीज दुप्पट होते. १३८ अंशांवर ती सुमारे शंभरपट होते. रोजच्या आठ तासांत महिनाभराचे आयुष्य जाईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्याही वर जातो, हे वेगळे सांगायला नको.

३. प्रत्यक्षात मात्र ट्रान्सफॉर्मर तिथवर पोहोचणारच नाही. ६३० केव्हीएचा पूर्ण भाराचा प्रवाह ८४० अँपिअर आहे आणि ८५० केव्हीएला ११३३ अँपिअर लागतात. त्याचा ब्रेकर ८४० वर बसवलेला असेल, तर तो तासाभराच्या आत भार तोडेल. ब्रेकरचे सेटिंग कोणी वाढवले, तर तेलाच्या तापमानाचे संरक्षण काम करेल. तेल १०९ अंशांपर्यंत चढू पाहील आणि त्या संरक्षणाचे सेटिंग साधारण ९५ अंशांवर असते. म्हणजे पहिला ट्रान्सफॉर्मर बिघाडाने बंद आणि दुसरा संरक्षणाने बंद, अशी स्थिती होईल. दोन ट्रान्सफॉर्मर असूनही रुग्णालय जनरेटरवर येईल.

४. ‘अशा वेळी एक चिलर बंद ठेवता येईल’, हा पर्याय आम्ही तपासला. शस्त्रक्रिया विभाग आणि अतिदक्षता विभागासाठी दोनपैकी एक चिलर चालू ठेवावाच लागतो. दुसऱ्याचे १६० केव्हीए वगळले तरी भार ६९० राहतो, म्हणजे ११० टक्के. तप्त जागा ११२ अंशांवर जाते आणि झीज पाचपट होते. उन्हाळ्यात निम्मे वातानुकूलन बंद ठेवूनही ट्रान्सफॉर्मर मर्यादेबाहेरच राहतो.

५. ‘उरलेला भार जनरेटर उचलेल’, हा दुसरा पर्याय. ८५० मधून ६३० वजा जाता २२० केव्हीए, म्हणजे सुमारे २०० किलोवॅट, रोज आठ तास जनरेटरवर द्यावे लागतील. एक लिटर डिझेलला साडेतीन युनिट धरले तर रोज सुमारे ४६० लिटर आणि सहा आठवड्यांत १९ हजार लिटरच्या वर. ९० रुपये दराने ते १७ लाख होतात. तेवढ्या युनिटांचे वाचलेले वीजबिल वजा केले तरी १० लाखांच्या आसपास जादा खर्च उरतो. प्रस्तावातली सगळी बचत एका बिघाडात संपते. शिवाय वीज गेल्यावर धावून येणारा जनरेटर त्या काळात आधीच कामाला जुंपलेला असेल.

६. प्रस्तावातले दोन मुद्दे आम्ही ग्राह्य धरतो. पहिला, लहान ट्रान्सफॉर्मरचे विनाभार नुकसान कमी असते. कंत्राटदारांच्या तक्त्यात ते ६३० साठी ०.८ किलोवॅट आणि १००० साठी १.२ किलोवॅट आहे. रात्री भार कमी असताना लहान ट्रान्सफॉर्मर खरोखरच थोडी वीज वाचवतो, प्रत्येकी सुमारे ०.२ किलोवॅट. पण दिवसा पूर्ण मागणीच्या वेळी गुंडाळीतल्या नुकसानामुळे तोच प्रत्येकी ०.८ किलोवॅट जास्त खातो. वर्षाचा हिशेब कुठल्याच बाजूला फारसा झुकत नाही. दुसरा, फायर पंप सुरू होतानाची दाबातली घट ६३० वरही स्वीकारार्ह राहते. त्या कारणाने आम्ही आक्षेप घेत नाही.

७. बचतीचा एक वेगळा मार्ग आम्ही सुचवतो. दोन्ही ट्रान्सफॉर्मर समांतर चालू नयेत म्हणून आराखड्यात ब्रेकरना किल्लीचे इंटरलॉक आहे. त्यामुळे पॅनेलवर एका वेळी एकाच ट्रान्सफॉर्मरचा शॉर्टसर्किट प्रवाह येतो. ५ टक्के इम्पीडन्स धरून तो सुमारे २७ किलोअँपिअर होतो आणि मोटारींचा वाटा मिळवला तरी ३० च्या आसपास राहतो. पॅनेल ५० ऐवजी ३५ किलोअँपिअरचे चालेल. यात रुग्णालयाचे काहीही कमी होत नाही. कंत्राटदारांकडून या बदलाचा दर मागवावा.

८. एक ट्रान्सफॉर्मर बंद असताना एक चिलर आणि शिवाय आणखी ६० केव्हीए भार बंद ठेवण्यास रुग्णालय लेखी तयार असेल, तरच ६३० केव्हीएचा विचार करता येईल. तसा निर्णय वैद्यकीय संचालकांच्या संमतीशिवाय घेऊ नये.

आपला विश्वासू,
विद्युत सल्लागार

पत्र इथे संपले. आता त्याच्या बांधणीकडे पाहू.

निर्णय पहिल्याच परिच्छेदात आहे. विश्वस्तांना अनेक कागद वाचायचे असतात. कारणांच्या शेवटी निष्कर्ष ठेवला तर तो हमखास सुटतो. नकाराचा खरा मुद्दाही पहिल्या क्रमांकातच आहे : बेरीज चुकीची नाही, पण ती चुकीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. पुढचे सगळे आकडे त्या एका वाक्याला आधार देतात.

मुद्दा सहा मुद्दाम ठेवला आहे. प्रस्तावात जे खरे आहे ते मान्य केले नाही, तर कंत्राटदार पुढच्या बैठकीत तेवढेच उचलून धरतो आणि मालकाला वाटते की सल्लागार स्वतःचा आराखडा राखतो आहे. फायर पंपाची घट हे नकाराचे कारण म्हणून लिहिण्याचा मोह होतो. पण हिशेब करून पाहावा. ९० किलोवॅटचा पंप थेट सुरू केला तरी ६३० केव्हीए आणि ५ टक्के इम्पीडन्सवर ट्रान्सफॉर्मरमधली घट साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते. अशी कमकुवत कारणे जोडली की भक्कम कारणाचाही भाव उतरतो.

तापमानाचे आकडे कुठून आले, हे मालक विचारेल. तेल ४५ अंशांनी तापते आणि तप्त जागा त्याहून १८ अंशांनी वर असते, हे पूर्ण भारावरचे आकडे निर्मात्याच्या तक्त्यातून घ्यायचे. मग भार मार्गदर्शक मानकातल्या सूत्राने ते आपल्या भाराला लावायचे. असा हिशेब पत्राला जोडावा, पत्रात कोंबू नये. हा हिशेब भार दिवसभर स्थिर धरतो, हेही त्यात लिहावे. मागणी खरोखर दोनच तास चढत असेल तर चित्र बरेच सौम्य होते. म्हणून असे पत्र लिहिण्याआधी मागणीचा तासवार आलेख हातात हवा. नवी इमारत असेल तर तिच्याच आकाराच्या चालू रुग्णालयाचा मिळवावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कोणत्या अटीवर प्रस्ताव चालला असता, ते सांगणारा नकार मालकाला निवड देतो. एक ट्रान्सफॉर्मर बंद असताना कार्यालयाच्या इमारतीत वातानुकूलन बंद ठेवणे कदाचित चालेल आणि तिथे ६३० चे दोन ट्रान्सफॉर्मर हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकेल. रुग्णालयात तो ठरत नाही. फरक ट्रान्सफॉर्मरमध्ये नसून त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या कामात आहे.

तुमच्या सोसायटीत, शाळेत किंवा कारखान्यात असा प्रस्ताव आला, तर एवढेच विचारा : एक बंद पडल्यावर उरलेल्यावर किती भार येणार आणि किती दिवस? उत्तर लेखी घ्या. ते मिळेपर्यंत सही करू नका.

पुढील आठवड्यात : जनरेटरची क्षमता कशी ठरवतात.