पाच फुल्या, एक चूक

तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला की आमचा तिसरीचा वर्ग न सांगता गप्प होतो. एरवी डस्टर आपटूनही जे जमत नाही, ते या गठ्ठ्याला जमतं. नागपुरात तिसरीला गणित शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण या शांततेची सवय काही झाली नाही. त्यातून पहिल्या बाकावरून हळूच आवाज येतो, "मॅडम, मला किती पडले?"

त्या दिवशी चाचणी होती संख्यांच्या श्रुतलेखनाची. मी वीस संख्या मराठीत सांगायच्या, मुलांनी त्या अंकात लिहायच्या. वीसपैकी किती आले ते प्रत्येक पेपरावर लिहिलेलं होतंच. पण पेपर वाटायच्या आधी मी एका मुलाच्या पेपरातल्या सहा ओळी, त्याचं नाव न घेता, फळ्यावर उतरवल्या. मी सांगितलेली संख्या एका बाजूला, त्याने लिहिलेले अंक दुसऱ्या बाजूला:

एकोणीस – १९
एकोणतीस – ३९
एकोणपन्नास – ५९
एकोणसत्तर – ७९
एकोणऐंशी – ८९
एकोणनव्वद – ९९

"पहिलं बरोबर आहे, पुढची पाच चुकली," मी म्हटलं. "मी पाच लाल फुल्या मारल्या. पण मला सांगा, चुका किती आहेत?"

"पाच!" सगळा वर्ग.

"आता मी याला एकोणसाठ लिहायला सांगितलं, तर तो काय लिहील?"

क्षणभर कुजबुज झाली आणि मग जवळजवळ एका सुरात उत्तर आलं, "एकोणसत्तर!" म्हणजे ६९. बरोबर ओळखलं होतं. पेपर तपासताना मीही हेच ताडलं होतं, आणि सकाळी परिपाठानंतर त्या मुलाला बाजूला घेऊन एकोणसाठ लिहायला लावलं होतं. त्याने ६९च लिहिलं.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ज्याला येत नाही तो काहीही लिहील, आज एक आणि उद्या दुसरं, असंच आपण धरून चालतो. इथे तर चुकीचं उत्तर आधी सांगता येत होतं. उत्तर आधी सांगता येतं याचा अर्थ त्यामागे नियम आहे. मग मी वर्गाला म्हटलं, "बाळांनो, फुल्या पाच असल्या तरी चूक एकच आहे. ती पाचही ठिकाणी तीच आहे. नंबर बघून पेपर दप्तरात कोंबला, तर ती कधीच सापडणार नाही. त्याचा नियम शोधू या."

नियम सापडायला फार वेळ लागला नाही. 'सत्तर' ऐकलं की ७ लिहायचा, 'एकोण' ऐकलं की ९. आणि खरं सांगायचं तर हा नियम मूर्खपणाचा मुळीच नाही. बाहत्तर, पंच्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर या सगळ्यांत सत्तरीचा आवाज आला की ७च लिहायचा असतो. शिवाय 'एकोण'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक संख्येच्या शेवटी ९ असतोच. त्याच्या पाचही चुकलेल्या उत्तरांत एककाचा अंक बरोबर होता. एकोणीस तर त्याला पाठच होतं, आणि बहुधा त्या एकोणिसानेच त्याला शिकवलं होतं की एकोण म्हणजे नऊ. शंभरापर्यंत ज्या संख्यांना पुढच्या दशकाचं नाव उसनं मिळतं, त्या एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंत अवघ्या आठ आहेत. बाकी सगळीकडे त्याचा नियम चालतो, म्हणून तो इतके दिवस टिकला.

मग विचारलं, "एकोण या शब्दात दोन शब्द आहेत. एक आणि ऊन. ऊन म्हणजे काय?"

नागपुरात हा प्रश्न विचारला की काय होणार! "उन्हाळा!", "कूलर!", "मे महिना!" आमच्याकडे उन्हामुळे शाळाही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मुलांना दुसरं ऊन माहीतच नाही. पण हे ऊन वेगळं. संस्कृतात ऊन म्हणजे कमी. वजाबाकीच्या चिन्हाला आपण उणे म्हणतो ते यातलंच, उणीवही यातलीच. एकोणसत्तर म्हणजे एकाने उणे सत्तर. संख्येच्या नावातच एक वजाबाकी लपलेली आहे आणि आपण ती रोज भाजीबाजारात नकळत करत असतो. रोमन लोकही लॅटिनमध्ये एकोणिसाला 'विसाला एक कमी' असंच म्हणत, आणि अठराला 'विसाला दोन कमी'. मराठीने निदान अठराला सोडलं.

नव्व्याण्णवलाही सोडलं. त्याला एकोणशंभर म्हणत नाहीत, तिथे सरळ नऊ आणि नव्वद. त्या मुलाने नव्व्याण्णव बरोबर लिहिलं होतं, ९९. म्हणजे त्याच्या कागदावर ९९ दोनदा होतं, एकदा एकोणनव्वदसाठी आणि एकदा नव्व्याण्णवसाठी. वेगळ्या नावांच्या दोन संख्या एकाच अंकात लिहिल्या गेल्यात, हे फुलीच्याही आधी कागद सांगत होता. हिंदी आणखी मजा करते. एकोणऐंशी ते उन्यासी, पण एकोणनव्वद ते नवासी, म्हणजे चक्क नऊ आणि ऐंशी. आमच्या वर्गातल्या कित्येक घरांत हिंदी बोलतात. त्या मुलांचा नियम घरी एका संख्येला लागू पडतो आणि शाळेत पडत नाही.

दुसरा पेपर एका मुलीचा. तिने पंचवीस लिहिले ५२ आणि छत्तीस लिहिले ६३. ही चूक मराठी शिक्षकांच्या चांगल्याच ओळखीची आहे. आपण पाच आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो. मूल मात्र जे कानावर आलं त्या क्रमाने लिहितं. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा संख्या लिहिण्यातल्या जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित निघाल्या. पण या मुलीच्या पेपरात मला थक्क केलं ते एका बरोबर उत्तराने. एकशे पंचवीस तिने १२५ असंच लिहिलं होतं, फक्त मधला २ बारीक आणि दोन्ही बाजूंनी दाबलेला होता. उशिरा चढलेल्या प्रवाशाने बाकावर अंग चोरून बसावं तसा. तिने आधी १ लिहिला, जागा सोडली, ५ लिहिला आणि मग मागे येऊन २ कोंबला. उत्तर बरोबर म्हणून मी खूण केली होती आणि पुढे गेले होते. हे दिसलं दुसऱ्यांदा पाहताना.

म्हणजे बरोबरच्या खुणेखालीही चूक लपते. पंचावन्न आणि चव्वेचाळीस या संख्या उलटापालट करणाऱ्या मुलालाही बरोबर येतात, कारण ५५ उलटून ५५च राहतात. श्रुतलेखनात अशाच संख्या जास्त घेतल्या तर सगळा वर्ग हुशार ठरेल आणि मला काहीच कळणार नाही. याउलट एकाच ५२वरून निदान करायलाही जाऊ नये. ती मुलगी कदाचित बावन्न ऐकून बसली असेल, किंवा खिडकीबाहेर बघत असेल. तीच चूक तीन-चार संख्यांत, त्याच जागी आली तरच तिच्यावर विश्वास ठेवायचा. एकदाच घडते ती गफलत, आणि तिच्यातून शिकण्यासारखं फारसं नसतं.

२०१९ सालच्या जूनमध्ये याच विषयावर महाराष्ट्र पेटला होता, हे आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या संख्यानामांबरोबर 'वीस एक', 'साठ तीन' अशी नावं आली. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडखळतात. मुख्यमंत्री तेव्हा आमच्या नागपूरचेच होते, आणि विधानसभेत त्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरही कोटी झाली. हसलो आम्हीही. पण नॉर्वेत हाच बदल १९५१ साली लागू झाला आणि त्याला निमित्त होतं टेलिफोनचे आकडे सांगताना होणाऱ्या घोळाचं. माझं मत विचाराल तर जुनी नावं जाऊ नयेत. एकोणसत्तर हा शब्द गमावणं मला परवडणार नाही. पण त्या मुलीला महिनाभर 'वीस पाच' म्हणू देते, आणि ती म्हणतानाच तिची पेन्सिल सरळ डावीकडून उजवीकडे चालायला लागते. शिडीसारखा उपयोग होतो. पुस्तकातही दोन्ही नावं होतीच, भांडणात ते कुणी पाहिलं नाही.

पेपर वाटून झाल्यावर मी मुलांना एक काम दिलं. फुली असलेल्या उत्तराशेजारी बरोबर उत्तर लिहायचं नाही. आपण ते तसं का लिहिलं, ते एका ओळीत लिहायचं. "असंच वाटलं" चालणार नाही. मागच्या बाकावरून "काऊन मॅडम?" असं आलंच. मी म्हटलं, "कारण बरोबर उत्तर मला आधीपासून माहीत आहे. तुम्ही काय विचार केला, ते मला माहीत नाही."

ज्याच्या पाच फुल्या होत्या त्याने लिहिलं, "एकोण म्हणजे नऊ वाटले." तिसरीतल्या मुलाने आपल्या डोक्यातला नियम इतक्या नेमक्या शब्दांत लिहावा, याचं मला अजून नवल वाटतं. ज्या मुलीने तीनशे सात ३००७ लिहिले होते, तिने लिहिलं, "तीनशे लिहिले मग सात लिहिले." तिला मी ३०० आणि ७ अशी दोन कार्डं दिली आणि सात शेवटच्या शून्यावर ठेवायला सांगितलं. तिने कार्ड उचलून पाहिलं, खाली शून्य तसंच होतं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. असं तिने चार-पाच वेळा केलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा श्रुतलेखन घेतलं. त्या मुलाची एकोणतीस ते एकोणनव्वद सगळी बरोबर आली. नव्व्याण्णव मात्र त्याने ८९ लिहिले.